दारूच्या उपचारांसाठी रजेचा अर्ज

दारूच्या व्यसनावर दाखल होऊन उपचार घ्यायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न पैशाचा निघतो आणि दुसरा नोकरीचा. साहेबांना काय सांगायचे? खरे सांगावे तर ऑफिसभर होईल, खोटे सांगावे तर कधीतरी उघडे पडेल. या पेचात अनेकांचे उपचार महिनोन्‌महिने लांबतात. या दोहोंच्या मधला एक रस्ता मात्र उपलब्ध आहे आणि तो पूर्णपणे नियमात बसणारा आहे. अर्जात जेवढे लिहायचे तेवढे खरेच लिहायचे, पण आजाराचे नाव लिहायचे नाही. ‘वैद्यकीय कारण’ हे शब्द खोटे नाहीत. दारूचे अवलंबित्व हा आजार आहे, ही केवळ डॉक्टरांची समजूत नसून देशाचा कायदाही तेच म्हणतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा स्पष्ट समावेश केला आहे.

याच कायद्याच्या २३व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि समुपदेशकांनी रुग्णाची माहिती बाहेर द्यायची नाही. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर. कंपनीतून कोणी केंद्रात फोन करून ‘आमचा माणूस तुमच्याकडे आहे का’ असे विचारले, तर रुग्णाच्या संमतीशिवाय उत्तर देणे केंद्रावर बंधनकारक नाही. उलट गप्प राहणे बंधनकारक आहे. पण या संरक्षणाची एक मर्यादा आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. हे बंधन आरोग्यसेवा देणाऱ्यांवर आहे, व्यवस्थापकावर नाही. डॉक्टरला सांगितलेली गोष्ट हे कलम झाकते. तीच गोष्ट साहेबांना अर्जात लिहून दिली, तर ती कागदावर राहते, फाइलमध्ये जाते आणि पुढे कोणाच्या हाती लागेल हे त्या फाइलच्या कपाटावर अवलंबून राहते. म्हणून अर्जात काय लिहायचे नाही, हे आधी ठरवावे लागते.

अर्ज लिहिण्यापूर्वी उपचाराचा कालावधी नीट समजून घेणे भाग आहे, कारण रजेच्या तारखा त्यावरच ठरतात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली, की सहा तासांपासून दिवसभरात हात थरथरणे, घाम, मळमळ, झोप न येणे सुरू होते. याला विड्रॉवल म्हणतात. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, वार-तारीख उमगत नाही. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. म्हणून सुरुवातीचा आठवडा-दहा दिवसांचा टप्पा औषधांच्या देखरेखीखाली काढतात. झटके टाळणारी औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व हा त्याचा कणा. त्याला डिटॉक्स म्हणतात. पुढचे आठवडे समुपदेशन, गटसभा, कुटुंबाशी बोलणे आणि दारूवाचून दिवस घालवण्याची सवय यांसाठी लागतात. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा दाखल राहण्याचा कार्यक्रम ३५ दिवसांचा आहे. इतर ठिकाणी तो कमी-जास्त असतो. ज्यांचे व्यसन अजून सौम्य आहे, त्यांचे उपचार घरी राहूनही होतात. ते डॉक्टरने ठरवायचे.

इथे एक धोक्याची चूक वारंवार होते. दाखल व्हायला पंधरा दिवस आहेत, तोवर ऑफिसात कामे उरकू, चांगले दिसू, म्हणून माणूस मनाने आजच दारू बंद करतो. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसल्या जागी फिट येते आणि जे लपवायचे होते ते सगळ्यांसमोर उघडे पडते. जिवाला धोका झाला तो वेगळाच. दाखल होण्याआधी दारू बंद करायची की हळूहळू कमी करायची, हे डॉक्टरला विचारूनच ठरवावे. रजेची पहिली तारीखही ‘काम आटोपल्यावर’ अशी मोघम न धरता केंद्रात खाट मिळण्याच्या दिवसावर बांधावी.

आता एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या परिसरातील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करणारा चाळिशीचा कर्मचारी. आठवड्याला रविवारची सुट्टी. केंद्राने सोमवार, ६ जुलै ही दाखल होण्याची तारीख दिली आहे. ३५ दिवस रविवार, ९ ऑगस्टला पूर्ण होतात. घरी आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याऐवजी तीन दिवस मोकळे ठेवायला डॉक्टरने सांगितले आहे. म्हणजे रजा १२ ऑगस्टपर्यंत आणि रुजू होणे गुरुवार, १३ ऑगस्टला. यात कामाचे दिवस येतात ३३. त्याच्या खात्यावर अर्जित रजा २४ आहेत आणि आजारपणाच्या ६. उरलेले ३ दिवस बिनपगारी. मधले रविवार रजेत धरले जातात की नाही, हे प्रत्येक कंपनीच्या नियमांवर असते. ते आधी पाहिले नाही तर बिनपगारी दिवस तीनाचे आठ होतात. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा असा हिशेब आहे. ही भरपगारी रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. जुन्या कर्मचाऱ्याकडे बहुधा पुरेशी शिल्लक असते. नव्याकडे नसते, म्हणून त्याने बिनपगारी रजेची मागणी अर्जातच स्पष्ट करावी.

त्याचा अर्ज असा होईल :

प्रति,
मा. व्यवस्थापक, लेखा विभाग

विषय : वैद्यकीय उपचारांसाठी ६ जुलै ते १२ ऑगस्ट रजा मिळण्याबाबत.

महोदय,
माझ्यावर वैद्यकीय उपचार सुरू असून डॉक्टरांनी ६ जुलैपासून सुमारे पाच आठवडे दाखल राहून उपचार घेण्याचा आणि त्यानंतर तीन दिवस विश्रांतीचा सल्ला दिला आहे. त्यानुसार ६ जुलै ते १२ ऑगस्ट या काळात रजा मिळावी, ही विनंती. माझ्या खात्यावरील २४ अर्जित व ६ आजारपणाच्या रजा वापरून उरलेले ३ दिवस बिनपगारी धरावेत.

उपचारांच्या काळात मला फोन व ईमेल वापरता येणार नाही. अत्यंत तातडीच्या कामासाठी माझ्या पत्नीशी संपर्क साधता येईल. तिचा क्रमांक मनुष्यबळ विभागाकडे दिला आहे. जूनचा ताळेबंद व देय बिलांची यादी मी ३ जुलैपर्यंत सहकाऱ्याकडे सोपवीन.

डॉक्टरांचे प्रमाणपत्र मनुष्यबळ विभागाकडे बंद पाकिटात दिले आहे. आजाराचा तपशील खासगी राहावा आणि सहकाऱ्यांना केवळ माझ्या रजेच्या तारखा कळवाव्यात, अशी विनंती आहे. १३ ऑगस्टला कामावर हजर होताना डॉक्टरांचा फिटनेस दाखला सादर करीन. त्यानंतर काही महिने तपासणीसाठी अधूनमधून अर्धा दिवस लागेल. त्याच्या तारखा आगाऊ कळवीन.

आपला विश्वासू,
(सही)

या अर्जात एकही शब्द खोटा नाही आणि दारू, व्यसन, केंद्र हे शब्दही नाहीत. तरी त्यातले काही शब्द मुद्दाम निवडलेले आहेत. ‘दाखल राहून उपचार’ असे लिहिले आहे, ‘निवासी उपचार’ असे नाही. निवासी, पुनर्वसन, समुपदेशन यांपैकी कोणताही शब्द आला, की वाचणाऱ्याला उरलेले कळते. ‘रुग्णालयात’ असेही लिहिलेले नाही, कारण केंद्र हे रुग्णालय नसेल तर ते चूक ठरेल. आणि रुग्णालय म्हटले की सहकारी सफरचंदे घेऊन भेटायला निघतात. विभागाच्या सौजन्यातून गुपित फुटण्याचा हा नेहमीचा प्रकार आहे.

फोनचे वाक्यही असेच महत्त्वाचे. बहुतेक केंद्रांत दाखल होताना मोबाइल जमा करून घेतात. हे अर्जात आधीच आले नाही, तर दुसऱ्याच दिवशी एखाद्या बिलासाठी फोन लागतो, तो बंद येतो, मग घरी फोन जातो आणि घाबरलेली पत्नी किंवा म्हातारे वडील सुचेल ते उत्तर देतात. एकीला टायफॉइड सुचतो, दुसऱ्याला गावाकडची जमीन. म्हणून एकच माणूस संपर्कासाठी नेमावा आणि त्याने एकच वाक्य बोलावे : ‘ते उपचार घेत आहेत, तब्येत ठीक आहे, १३ तारखेला कामावर येतील.’ त्यापुढचा प्रश्न आला, तर तेच वाक्य पुन्हा.

अर्जात माफी नाही, हेही मुद्दाम. ‘पुन्हा असे होणार नाही’, ‘मला एक संधी द्यावी’ अशी वाक्ये अपराधी वाटण्यातून येतात. ती लिहिली, की रजेचा अर्ज कबुलीजबाब होतो आणि पुढे चौकशी झालीच तर तोच कागद कर्मचाऱ्याविरुद्ध वापरता येतो. शिवाय या आजारात घसरण होऊ शकते आणि पुन्हा रजा लागू शकते. जे आपल्या हाती पूर्णपणे नाही, त्याचे वचन लेखी देऊ नये.

खोटे कारण का देऊ नये, याचे उत्तर नैतिकतेपेक्षा सेवानियमांत अधिक स्पष्ट आहे. कावीळ झाली म्हणून महिनाभर रजा घेतली, तर परतल्यावर कावीळीचे कागद लागतात. ते मिळवायला खोटे प्रमाणपत्र आणावे लागते. खोटे प्रमाणपत्र देणे हे गैरवर्तन आहे आणि त्यावर नोकरी जाऊ शकते. आजारपणासाठी रजा घेणे मात्र गैरवर्तन नाही. न सांगता गायब होणे तर त्याहून वाईट. बहुतेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत परवानगीवाचून दहा दिवसांहून अधिक गैरहजेरी हे गैरवर्तन मानले आहे. ३५ दिवसांच्या उपचारांत ही मर्यादा दुसऱ्या आठवड्यातच ओलांडली जाते. माणूस केंद्रात बरा होत असतो आणि घरी कंपनीची नोटीस येऊन पडलेली असते.

अर्ज कितीही जपून लिहिला, तरी आजाराचे नाव बाहेर पडते ते बहुधा सोबतच्या कागदांतून. पहिला असा कागद म्हणजे डॉक्टरचे प्रमाणपत्र. त्यातला मजकूर मोघम असला, तरी वर ठळक अक्षरांत ‘अमुक व्यसनमुक्ती केंद्र’ असा छापील मथळा असतो आणि तो एकटाच सगळे सांगतो. यावर उपाय आहे. दाखल होण्याचा सल्ला देणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाकडून किंवा फॅमिली डॉक्टरकडून त्यांच्या स्वतःच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र मागावे. ‘सदर रुग्ण माझ्या उपचाराखाली असून अमुक ते अमुक तारखेपर्यंत कामावर हजर राहण्यास असमर्थ आहे’ एवढा मजकूर खासगी नोकरीत सहसा पुरतो. मनोविकारतज्ज्ञाच्या नावापुढची पदवी वाचून कोणी तर्क करील अशी भीती असेल, तर फॅमिली डॉक्टर बरा. मात्र त्या डॉक्टरला खरा आजार ठाऊक हवा आणि तो खरोखर उपचारांत सहभागी हवा. डिस्चार्ज कार्ड कधीही जोडू नये. त्यावर निदान असते. कंपनीने मागितले, तर फिटनेस दाखला पुरेसा आहे का, हे आधी विचारावे. सरकारी नोकरीत वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना ठरलेला असतो आणि तिथे इतकी मोकळीक मिळत नाही. तिथे प्रमाणपत्र गोपनीय पाकिटात देणे एवढाच मार्ग उरतो.

दुसरा कागद विम्याचा. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यातून खर्च मिळेल का, हे पाहायला कर्मचारी क्लेमचा अर्ज कंपनीच्या विमा कक्षात नेऊन देतो. त्या अर्जावर निदानाचा संकेतांक असतो. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत दारूच्या अवलंबित्वाचा संकेतांक एफ १०.२ आहे आणि विम्याचे काम पाहणाऱ्याला तो पाठ असू शकतो. दुःखाची गोष्ट अशी की बहुतेक आरोग्य पॉलिसींत दारू व इतर व्यसनांवरचे उपचार वगळलेले असतात. म्हणजे क्लेम नाकारला जातो आणि माहिती तेवढी पोचते. पॉलिसीतील वगळलेल्या बाबींची यादी क्लेम करण्यापूर्वी वाचावी, आणि शंका असेल तर कंपनीतल्या कोणाला न विचारता थेट विमा कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारावे.

कमी पगाराच्या कामगारासाठी कर्मचारी राज्य विमा योजनेचा मार्ग वेगळा आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या, योजनेत नोंद झालेल्या आणि पुरेसे दिवस वर्गणी भरलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. हा लाभ चालू असताना मालकाने कामगाराला काढून टाकायचे नाही, अशी तरतूद कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या ७३व्या कलमात होती. मात्र हा लाभ योजनेच्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर मिळतो. त्यामुळे परस्पर खासगी केंद्रात दाखल न होता आधी विमा दवाखान्यात जाणे आवश्यक ठरते.

उरलेल्या फटी लहान आहेत, पण त्यांतूनही बरेच गळते. ईमेलच्या विषयात किंवा जोडलेल्या फाइलच्या नावात केंद्राचे नाव असते. ऑफिसच्या छपाईयंत्रावर काढलेली प्रत तिथेच राहते. विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी ‘काय झालं दादांना?’ विचारतो. अर्ज घरच्या ईमेलवर तयार करावा आणि शक्यतो हातात द्यावा.

साहेबांनी समोर बसवून विचारलेच, ‘नेमकं झालंय काय?’, तर उत्तर तयार असावे. ‘सर, आजार बरा होणारा आहे, संसर्गाचा नाही. तपशील डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातच ठेवलाय. काम मागे पडणार नाही, एवढं बघतो.’ व्यवस्थापकाच्या खऱ्या चिंता दोनच असतात : माणूस परत कधी येणार आणि तोवर त्याचे काम कोण करणार. या दोन्ही प्रश्नांची तारखांसह उत्तरे मिळाली, की तिसरा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. मात्र थेट ‘दारूचं आहे का?’ असा प्रश्न आला, तर ‘नाही’ म्हणू नये. ‘त्यावर मला बोलायचं नाही, सर’ एवढे म्हणता येते.

मौन सगळ्यांना पुरत नाही. सकाळच्या पाळीला तोंडाचा वास आलेला आहे, सोमवारच्या दांड्या नोंदल्या गेल्या आहेत, एखादी लेखी ताकीद हातात आहे, अशा वेळी गुपित कंपनीपासून लपलेले नसते. कामावर प्यायलेल्या अवस्थेत सापडणे हे बहुतेक ठिकाणी गैरवर्तन आहे, आणि आजार आहे म्हणून ते आपोआप माफ होत नाही. या स्थितीत मोघम अर्जापेक्षा एक उघड वाक्य अधिक राखते : ‘मला दारूच्या अवलंबित्वाचा आजार असून त्यावर उपचार घेण्याचे मी ठरवले आहे.’ हे वाक्य व्यवस्थापकाला न लिहिता, मनुष्यबळ प्रमुखाला किंवा कल्याण अधिकाऱ्याला, ‘गोपनीय’ लिहिलेल्या पाकिटात द्यावे. पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची तरतूद १९४८च्या कारखाने अधिनियमात होती आणि व्यसनी कामगारांना केंद्रात पाठवण्याचे काम अनेक कारखान्यांत हेच अधिकारी करतात. हे पत्र वेळेवर द्यायला हवे. चौकशी सुरू होण्याआधी दिलेले पत्र उपचारांची इच्छा दाखवते. आरोपपत्र मिळाल्यावर दिलेले तेच पत्र बचावासाठी काढलेले वाटते.

आणखी एका वर्गाला गोपनीयतेची मर्यादा मान्य करावी लागते. बसचालक, क्रेनचालक, उंचावर किंवा वीजवाहिन्यांवर काम करणारे यांच्या हातात इतरांचे जीव असतात. त्यांनी सहकाऱ्यांपासून आजार खुशाल झाकावा, पण कंपनीच्या डॉक्टरपासून झाकू नये. उपचारांनंतरही काही औषधांनी झोप किंवा सुस्ती येते आणि पहिले काही आठवडे वेगळे काम द्यावे का, हे डॉक्टरच ठरवू शकतो. तो डॉक्टर व्यवस्थापकाला निदान न सांगता ‘दोन महिने चालकाचे काम देऊ नये’ असे लिहून देऊ शकतो.

व्यवस्थापकानेही पाकीट फोडण्याचा मोह आवरावा. रजेच्या नोंदवहीत ‘वैद्यकीय’ एवढीच नोंद करावी आणि विभागाला तारखा सांगाव्यात. माणूस परतल्यावर त्याच्या स्वागताची पार्टी ठेवू नये. दारू थांबवण्यासाठी डायसल्फिराम हे औषध चालू असेल, तर त्यावर थोडी दारू गेली तरी चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड असा जोरदार त्रास होतो, आणि एक पेग घेण्याचा आग्रह त्याला रुग्णालयात पोचवू शकतो. फेरतपासणीचा अर्धा दिवस मागितला की द्यावा. दाखल राहण्याचे पाच आठवडे पूर्ण झाले, तरी उपचार संपलेले नसतात. घसरणीचा धोका परतल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो आणि या भेटी त्यासाठीच असतात.

अर्ज देताना त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सहीसह पोच घ्यावी, ईमेलने दिला असेल तर मंजुरीचे उत्तर स्वतःच्या खासगी ईमेलवर जपावे आणि दोन्हींची प्रत केंद्रात जाण्यापूर्वी घरच्या माणसाच्या हाती द्यावी. केंद्र कोठे आहे, खाट केव्हा मिळेल याची चौकशी करण्यासाठी व्यसनमुक्तीचा १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.